वेबिनारला आलेले आणि न आलेले: दोघांना एकच मेसेज नको

तासगावातल्या एका माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेनं ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर द्राक्ष बागायतदारांसाठी झूमवर तासाभराचा वेबिनार घेतला, असं समजू. विषय होता छाटणीआधी मातीचा नमुना कसा घ्यायचा. नोंदणी 140 जणांची झाली, आले 60. आता सरसकट ‘काल उपस्थित राहिल्याबद्दल आभार’ असा मेसेज गेला, तर 80 जणांना लगेच कळतं की यांनी यादी उघडूनसुद्धा पाहिलेली नाही.

सुरुवात यादीपासूनच करा. झूमच्या वेबिनार रिपोर्टमधून Attendee Report उतरवून घ्या. त्यात Attended या रकान्यात Yes किंवा No असतं आणि कोण किती मिनिटं होतं तेही असतं. वरच्या भागात यजमान आणि वक्त्यांची नावं वेगळी येतात, ती आधी काढा. नाहीतर तुमच्याच वक्त्याला ‘आलात, बरं वाटलं’ असा मेसेज जाईल. दुसरी अडचण रेंजची. मळ्यात बसून पाहणाऱ्याचं नेट तीनदा गेलं, तर त्याच्या नावाच्या तीन ओळी दिसतात. नोंदणीत मोबाइल नंबर विचारला असेल तर नंबरावरून मिनिटांची बेरीज करा. नंबर E रकान्यात आणि मिनिटं J मध्ये असतील तर:

```
=SUMIF(E:E,E2,J:J)
```

मग बेरजेचा रकाना कॉपी करून त्याच जागी Paste values करा, नाहीतर ओळी काढताच बेरीज बदलते. त्यानंतर एका नंबराची एकच ओळ ठेवा. बेरजेच्याही आधी सगळे नंबर दहा आकडी करून घ्या. कुणी +91 लावतं, कुणी शून्य, आणि एकच माणूस दोन माणसं होऊन बसतो.

बेरीज झाली की एक पेच उरतो. सहा मिनिटं थांबून गेलेला माणूस आला म्हणायचा की नाही? माझ्या मते त्याला रेकॉर्डिंगच पाठवावं, पण ‘येऊ शकला नाहीत’ असं लिहू नये. तो आला होता, हे त्याला माहीत आहे. तासाभराच्या कार्यक्रमाला पंधरा मिनिटांच्या आत गेलेल्यांची वेगळी छोटी यादी करा आणि त्यांच्या मेसेजची पहिली ओळ बदला: ‘काल पूर्ण पाहायला जमलं नसेल, तर नमुना घेण्याचा भाग इथं आहे.’

शेवटपर्यंत थांबलेल्यांना दुसऱ्या दिवशीच गाठा. त्यांनी सगळं ऐकलंय, त्यामुळं अख्खं रेकॉर्डिंग पुन्हा पुढं करण्यात फारसा अर्थ नाही. Q&A रिपोर्टमध्ये कुणी काय विचारलं ते असतं; वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या आणि एकच पुढची गोष्ट सुचवा:

‘नमस्कार दादा, काल ठिबकच्या बागेत नमुना कुठून घ्यायचा असं विचारलं होतं. ड्रिपरखाली ओल पसरते त्या भागातून, बागेत सात-आठ ठिकाणची माती घ्या, एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो आणा. छाटणीची तारीख ठरली असेल तर कळवा, अहवाल त्याआधी देतो.’

नोंदणी वडिलांची आणि पाहिलं मुलानं, असंही घरोघरी होतं. म्हणून ‘तुम्ही विचारलंत’ऐवजी ‘विचारलं होतं’ लिहिलेलं बरं.

न आलेल्यांसाठी रेकॉर्डिंग तयार होईपर्यंत थांबा. लिंक नसलेला मेसेज वाया जातो. गैरहजेरीचा हिशोब मागू नका, आणि तासभराचं रेकॉर्डिंग नुसतं अंगावर टाकू नका. कामाचा भाग कुठं आहे ते सांगा:

‘नमस्कार, कालच्या वेबिनारचं रेकॉर्डिंग पाठवतोय. 22व्या मिनिटापासून नमुना घेण्याचं प्रात्यक्षिक आहे, तेवढं पाहिलं तरी चालेल. यंदा छाटणीआधी माती तपासायची आहे का? हो किंवा नाही एवढंच कळवा.’

ही वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी माणूस फवारणीत असतो.

इथं एक जागा हमखास फसवते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, आणि एका यादीत 256 पर्यंतच नंबर बसतात. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडं तुमचा नंबर असतो. न आलेल्यांकडं बहुधा नसतो. म्हणजे ज्यांना मेसेजची गरज जास्त, त्यांनाच तो मिळत नाही, आणि तुम्ही समजता की त्यांना रस नाही. मेसेजची माहिती उघडून पाहा: ‘वाचला’ किंवा ‘पोचला’ यांपैकी एकाही यादीत नाव नसेल तर त्यांना वेगळं, नावानिशी, एकेक करून पाठवा. पण एका झटक्यात ऐंशी अनोळखी नंबरांना नको, त्यानं खातं अडकू शकतं. दिवसाला थोडेथोडे पुरतात. पुढच्या वेळी नोंदणी झाली की लगेच ‘नंबर सेव्ह करा, लिंक याच नंबरवरून येईल’ असं कळवलं, तर हा घोळ बराच कमी होतो.

न आलेल्याचं उत्तर चार-पाच दिवसांत आलं नाही तर एकदाच आठवण करा, तीही छाटणीच्या आधी. ‘नाही’ म्हणणाऱ्याला व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावा आणि या हंगामात परत मेसेज पाठवू नका. ‘हो’ म्हणणाऱ्याला मात्र त्याच दिवशी फोन करा.