चार सौदे, पण पैज एकच : पोझिशनमधलं छुपं नातं ओळखताना होणाऱ्या चुका

सोलापुरात फावल्या वेळात फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे करणारे बरेच जण एक नियम काटेकोर पाळतात : एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त धोका नाही. नियम चांगलाच आहे. अडचण अशी, की तो प्रत्येक सौदा सुटा मोजतो. चार सौदे एकाच कारणाने वर जाणार असतील आणि त्याच कारणाने पडणार असतील, तर धोका १ टक्का चार वेळा नसतो, एकाच वेळी ४ टक्के असतो. हे कागदावर कुठेच दिसत नाही, कारण कागदावर चार वेगळी नावं असतात.

पहिली चूक : क्षेत्र वेगळं म्हणजे पैज वेगळी, असं मानणं

यासाठी ४ जून २०२४ चा दिवस नीट बघावा. लोकसभेच्या एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढून २३,२६३.९० ला बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत भाजपचं स्वबळावरचं बहुमत निसटत असल्याचं दिसू लागलं आणि निफ्टी ५.९३ टक्के पडून २१,८८४.५० ला बंद झाला.

आता समजा, ३ जूनला कुणाकडे १० लाखांच्या भांडवलावर चार तेजीच्या पोझिशन होत्या : स्टेट बँक, भारत इलेक्ट्रॉनिक्स, आरईसी आणि कोल इंडिया. एक बँक, एक संरक्षण, एक वीज प्रकल्पांना कर्ज देणारी, एक कोळशाची. क्षेत्रं चार, उद्योगांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. प्रत्येकात २ लाख गुंतवलेले, ५ टक्क्यांवर स्टॉप लॉस, म्हणजे प्रत्येकी धोका १०,००० रुपये.

त्या दिवशी स्टेट बँक आणि कोल इंडिया १० टक्क्यांहून जास्त, भारत इलेक्ट्रॉनिक्स १५ टक्क्यांहून जास्त आणि आरईसी २० टक्क्यांहून जास्त पडले. स्टॉप लॉस लावलाच नसता, तर संध्याकाळपर्यंत किमान १,१०,००० रुपयांचा खड्डा. चारही स्टॉप अगदी ठरलेल्या भावाला लागले असते तरी ४०,००० गेले असते, तेही एकाच दिवसात. आणि अशा दिवशी ठरलेला भाव मिळेल याची खात्री नसते. विकणारे सगळे एकदम दारात आले की ५ टक्क्यांचा स्टॉप ६ किंवा ७ वर लागतो.

चारही कंपन्यांमध्ये सामाईक काय होतं? सरकार हा थेट किंवा दुसऱ्या सरकारी कंपनीमार्फत मोठा भागधारक, आणि आदल्या वर्षभराच्या तेजीत ‘सरकार भक्कम राहील, सरकारी खर्च चालू राहील’ हे एकच गृहीतक. म्हणजे बँक, संरक्षण, वीज, कोळसा या चार पैजा नव्हत्याच. एकच पैज चार नावांनी लावलेली होती. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हरसारखा साबण-चहाचा शेअर वाढून बंद झाला. खरं वेगळेपण तिथे होतं.

म्हणून पोझिशनच्या वहीत ‘क्षेत्र’ या रकान्याशेजारी ‘कशामुळे पडेल’ असा रकाना ठेवावा. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य लिहायचं. रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवले तर, कच्चं तेल भडकलं तर, अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं तर, सरकारी धोरण बदललं तर. दोन ओळींत तेच वाक्य आलं, की त्या दोन पोझिशन एकाच गटात टाकायच्या, मग क्षेत्र काहीही असो.

दुसरी चूक : सहसंबंध चुकीच्या गोष्टीवर मोजणं

दोन शेअर किती एकत्र हलतात हे सहसंबंधाच्या आकड्याने तपासणारेही इथे फसतात. सगळ्यात सर्रास चूक म्हणजे भावांवर सहसंबंध काढणं. दोन शेअर वर्षभर चढत असतील, तर त्यांचे भाव ०.९ चा सहसंबंध सहज दाखवतात, रोजच्या हालचालींचा काही मेळ नसला तरी. सहसंबंध रोजच्या टक्केवारीतील बदलावर काढायचा असतो. गुगल शीटमध्ये A1 मध्ये पहिलं सूत्र आणि E1 मध्ये दुसरं टाका :

```
=GOOGLEFINANCE("NSE:SBIN","close",DATE(2024,1,1),DATE(2024,5,31),"DAILY")
=GOOGLEFINANCE("NSE:BEL","close",DATE(2024,1,1),DATE(2024,5,31),"DAILY")
```

पहिली ओळ शीर्षकाची येते, भाव दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात. मग C3 आणि G3 मध्ये रोजचा बदल काढून खाली ओढा, आणि शेवटी सहसंबंध :

```
=B3/B2-1
=F3/F2-1
=CORREL(C3:C90,G3:G90)
```

ओळींची शेवटची संख्या तुमच्या शीटप्रमाणे बदला. त्याआधी दोन्ही तारखांचे रकाने शेजारी ठेवून जुळतात का ते बघा. एका शेअरचा एक दिवस जरी गळाला, तर तिथून पुढे सोमवारची मंगळवारशी गाठ पडते आणि आकडा विनाकारण शून्याकडे सरकतो. खूप कमी आकडा आला तर आनंद मानण्याआधी हीच गोष्ट तपासावी.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शांत महिन्यांत काढलेला ०.३ हा आकडा वादळाच्या दिवसाबद्दल फारसं सांगत नाही. शांत काळात प्रत्येक शेअर आपल्या घरच्या बातम्यांवर हलतो : तिमाही निकाल, नवी ऑर्डर, लाभांश. मोठा धक्का आला, की घरच्या बातम्या मागे पडतात आणि सामाईक कारण सगळ्यांना एकत्र ओढतं. यावर काही जण फक्त पडझडीचे दिवस वेगळे काढून त्यांच्यावर CORREL चालवतात. ते करू नये. निवडक दिवसांत आकड्यांचा पल्ला अरुंद होतो आणि सहसंबंध असायला हवा त्याहून लहान दिसतो.

त्यापेक्षा साधा उपाय जास्त खरं सांगतो. दोन वर्षांचे रोजचे बदल घ्या, निफ्टीच्या बदलानुसार चढत्या क्रमाने लावा आणि निफ्टीचे सगळ्यात वाईट २० दिवस बघा. त्या प्रत्येक दिवशी तुमच्या चारपैकी किती पोझिशन तोट्यात होत्या, हे मोजा. २० पैकी १५ दिवस चारही तोट्यात असतील, तर शीटवरचा सरासरी सहसंबंध काहीही म्हणो, तुमच्याकडे एकच पोझिशन आहे. सरकारी बातमीसारखी कारणं निफ्टीच्या यादीत पुरेशी दिसत नाहीत. अशा गटासाठी निफ्टीऐवजी त्याच गटाचा निर्देशांक घेऊन तीच मोजणी करावी.

तिसरी चूक : चार पोझिशन, म्हणून चौपट विभागणी

सगळ्या पोझिशनचा धोका सारखा असेल, तर एकूण धोका काढायला एक छोटं सूत्र पुरतं. यात `r` म्हणजे एका पोझिशनचा धोका, `n` म्हणजे पोझिशनची संख्या आणि `c` म्हणजे त्यांच्यातला सरासरी सहसंबंध :

```
r * SQRT( n + n*(n-1)*c )
```

आपल्या उदाहरणात r = १०,००० आणि n = ४. सहसंबंध शून्य असेल तर एकूण धोका २०,०००. तो ०.३ असेल तर सुमारे २७,६००. आणि ०.८ झाला, की ३६,९००. पूर्ण एकत्र हालचालीला ४०,००० येतात, म्हणजे ०.८ आणि १ यांत फार फरक उरत नाही. ०.८ ला चार पोझिशन मिळून जेमतेम सव्वा स्वतंत्र पोझिशनइतकी विभागणी देतात.

उलट दिशेने हेच सूत्र आकार ठरवायला वापरावं. समजा एका गटावर तुम्ही जास्तीत जास्त दीड टक्का, म्हणजे १५,००० चा धोका घ्यायला तयार आहात. वाईट दिवसाचा सहसंबंध ०.८ धरला, तर १५,००० ला ३.६९ ने भागून प्रत्येकी सुमारे ४,०७० चा धोका येतो. ५ टक्क्यांच्या स्टॉपला हे प्रत्येकी ८१,००० च्या पोझिशनइतकं होतं, २ लाखांच्या नव्हे. बहुतेकांना एवढ्या छोट्या चार पोझिशन सांभाळण्यापेक्षा गटातला सगळ्यात पटलेला एकच सौदा घेणं सोपं जाईल, आणि ते योग्यच आहे. सहसंबंध फक्त दिशा सांगतो, उडी किती मोठी ते नाही. आरईसी स्टेट बँकेपेक्षा जास्त हलत असेल, तर तिचा स्टॉप रुंद आणि आकार त्याहून लहान हवा.

चौथी चूक : विकलेला पुट मोजायचा राहतो

शेअरमध्ये तेजी आणि शेजारी ‘प्रीमियम खायला’ निफ्टीचा पुट विकलेला, ही जोडी फार दिसते. पुट विकणं हीसुद्धा तेजीचीच पैज आहे. ३ जूनला बंद भावाजवळ असताना कुणी २२,५०० चा पुट विकला असेल आणि त्याचा डेल्टा, म्हणजे निफ्टी एक अंक हलल्यावर पुटचा भाव किती हलतो तो आकडा, ०.२० असेल, तर तेव्हाच्या २५ च्या लॉटला ती साधारण १,१६,००० रुपयांच्या निफ्टी खरेदीइतकी पोझिशन होते. बाजार पडत गेला तसा डेल्टा वाढत जातो, म्हणजे नको त्या वेळी पोझिशन आपोआप फुगते. ४ जूनच्या बंद भावाला त्या पुटची नुसती अंगभूत किंमत ६१५.५० होती. एका लॉटला मिळालेला प्रीमियम वजा करण्याआधी १५,३८८ रुपयांचा तोटा. भीतीमुळे प्रत्यक्ष भाव याहूनही वर असतो. वहीत हा पुट त्याच गटात, डेल्टाने आलेल्या रकमेसह लिहावा, आणि शेजारी निफ्टी ५ टक्के पडल्यावर तो किती होईल तेही.

उलट बाजूने, चार सरकारी शेअर असताना संरक्षण म्हणून तितक्याच रकमेचा निफ्टीचा पुट घेतला तरी तो पुरत नाही. ४ जूनला निफ्टी ६ टक्क्यांच्या आत पडला आणि शेअर त्याच्या दुपटीने, तिपटीने. संरक्षण शेअरच्या पडझडीच्या मापाने घ्यायचं असतं, रकमेच्या मापाने नाही.

सोलापूरची खास चूक : धंदा पोझिशनमध्ये न धरणं

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या निर्यातदारांना सूत पुरवणारा माणूस गृहवस्त्र कंपन्यांचे शेअर हमखास घेतो, कारण ‘हे क्षेत्र आपल्याला कळतं’. समजा त्याची ६ लाखांची उधारी बाजारात आहे आणि ३ लाखांचे असे शेअर आहेत. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरचं जादा शुल्क, ७ ऑगस्टपासूनच्या २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के लावून, ५० टक्के केलं. अशा एका निर्णयाने ऑर्डर थांबतात, उधारी लांबते आणि अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कंपन्यांचे शेअरही दबावात येतात. त्याच आठवड्यात ब्रोकरने मार्जिन मागितलं, तर ते भरायला ज्या उधारीवर भरवसा होता तीच अडकलेली असते. वहीत त्याची पोझिशन ३ लाखांची दिसते, पण अमेरिकी शुल्कावरची पैज ९ लाखांची आहे.

पंढरपूर-माळशिरसकडच्या ऊस बागायतदाराने साखर कारखान्यांचे शेअर घेतले तर हेच होतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधन आणलं, तेव्हा साखरेचे शेअर पडले. इथेनॉलचा पैसा घटला की कारखान्याची शेतकऱ्याला बिल चुकवण्याची ताकदही घटते.

म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत धंदा लिहावा : रक्कम म्हणजे येणी आणि साठा, आणि पुढच्या रकान्यात तो कशामुळे पडेल ते. मग त्याच कारणाचा शेअर यादीत आला, तर त्याचा आकार धंद्याच्या रकमेसह मोजून ठरवावा. बहुतेक वेळा उत्तर शून्य येतं, आणि मार्जिनसाठी ठेवलेला पैसा धंद्याच्या उधारीपासून वेगळ्या खात्यात, रोख ठेवावा लागतो.