खो-खोची कॉमेंट्री: दोन पुठ्ठे जवळ ठेवा

क्रीडादिनाला खो-खो रंगला की तोंड आपोआप चालतं. डाव बदलताना मात्र माईक मुका होतो.

1. पहिल्या पुठ्ठ्यावर तोकडी, क्रियापदावर संपणारी वाक्यं लिहा: “खो दिला! चार नंबर उठली! खांबाकडे सुटली! हूल दिली... सूर मारला!” नावांपेक्षा जर्सीचे नंबर पटकन दिसतात.

2. दुसऱ्यावर शांत वेळेची माहिती: आठ जण चौकात बसतात, नववा पळतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला; प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर कर्णधार होते. अशा एका शांत वेळेला एकच वाक्य, नाहीतर पुढच्या वेळी काही उरत नाही.

पंचांची शिट्टी होईपर्यंत “बाद” म्हणू नका. पालक लगेच भांडायला येतात.