सावत्र पालक होताना फोटोखाली काय लिहावं?

फोटो निवडा, मुलाला दाखवा. ते 'नको' म्हणालं तर तो फोटो बाद. हॅशटॅग आणि बदामांवर डोकं खपवू नका. घोळ होतो तो मुलाबद्दलच्या एका ओळीत.

मी तिथेच तोंडघशी पडले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हौसेने लिहिलं, 'आजपासून मी आई झाले!' अभिनंदनांचा पाऊस पडला. संध्याकाळी आठ वर्षांच्या मुलाने ते वाचलं आणि विचारलं, "मग माझी आई कोण?" मी ती ओळ लगेच काढली, पण पुढचे कित्येक आठवडे तो मला हाकच मारत नव्हता. 'ऐका ना' वर भागवायचा.

तेव्हापासून ओळखीच्या बऱ्याच जणांना या ओळी लिहून दिल्यात. मागच्या वेळी एका मित्राचा मसुदा आला: 'देवाने मला गोड लेक दिली. ती आता माझं सर्वस्व आणि मी तिचा बाबा.' मुलगी नऊ वर्षांची. तिचे वडील दर रविवारी तिला भेटतात. म्हणजे 'बाबा' हा शब्द आधीच कुणाचा तरी आहे. तो खोडला. ती त्याला 'काका' म्हणते, म्हणून काकाच ठेवलं. 'लेक दिली' हेही गेलं, कारण त्यात तिला कुणी विचारलेलंच नाही. मग त्याला म्हटलं, तुमच्यात खरोखर घडलेली एखादी बारीकशी गोष्ट सांग. बराच वेळ आठवून म्हणाला, "परवा तिने सायकलची हवा भरायला मला बोलावलं." हे झकास! शेवटी असं झालं:

'आज आम्ही तिघं एका घरात राहायला आलो. ती मला काका म्हणते. परवा सायकलची हवा भरायला तिने मला हाक मारली. तिचा विश्वास अजून कमवायचाय. मला घाई नाही.'

विश्वासाच्या वाक्यात करणारा तुम्हीच हवा. 'तिने मला स्वीकारलं' लिहिलंत तर उद्या ती रुसली की खोटी पडते तीच. मूल रात्री रडलं, आईच्या किंवा बाबांच्या आठवणीने जेवलं नाही, असलं काही चुकूनही लिहू नका. पुढे वर्गातली मुलंही ते वाचतात. आणि 'सावत्र नाही, सख्ख्याहून सख्खा' ही ओळ मला अजिबात खपत नाही. सख्खेपणाचा दाखला मागितलाय कुणी?

लिहून झालं की टाकण्याआधी मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. कुठल्या शब्दाला ते मान खाली घालतं ते बघा आणि तो शब्द काढा, कारण विचारत बसू नका. मित्राच्या मुलीने सगळं ऐकून एवढंच सांगितलं, "हवा मागच्या चाकात भरली होती, तेही लिही." त्याने लिहिलं.