फिक्स्ड की फ्लक्च्युएटिंग: एकाच वर्षाचे आकडे दोन पद्धतींनी

भागीदारीची खाती बारावीत शिकून, बी.कॉम. करून सीएच्या ऑफिसात नव्याने लागलेली मुले स्थिर आणि चल भांडवलाची व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. स्थिर पद्धतीत प्रत्येक भागीदाराची दोन खाती असतात, भांडवल आणि चालू, आणि चल पद्धतीत एकच, एवढे सगळ्यांना येते. या निवडीने पुढच्या वर्षी कोणाच्या पदरात किती पैसे जास्त पडतात, ते मात्र एक उदाहरण सोडवल्याशिवाय उमगत नाही.

समजा, इतवारीत दोन भावांचे धान्याचे दुकान आहे. 1 एप्रिलला थोरल्याचे भांडवल 6,00,000 रुपये आणि धाकट्याचे 4,00,000. करारनाम्यात नफा 3:2, भांडवलावर 8 टक्के व्याज, उचलीवर 6 टक्के व्याज, आणि दुकान सांभाळतो म्हणून धाकट्याला महिना 5,000 पगार असे लिहिले आहे. थोरला दर महिन्याच्या 1 तारखेला 10,000 उचलतो. धाकट्याने 1 ऑक्टोबरला एकदाच 40,000 उचलले. 31 मार्चला निव्वळ नफा निघाला 2,34,900.

आधी उचलीवरचे व्याज काढा. थोरल्याची वर्षाची उचल 1,20,000 झाली, पण त्यावर बारा महिन्यांचे व्याज लावायचे नाही. एप्रिलची रक्कम 12 महिने बाहेर राहिली, मार्चची 1 महिना, म्हणून सरासरी साडेसहा महिने.

```
1,20,000 × 6/100 × 6.5/12 = 3,900
40,000 × 6/100 × 6/12 = 1,200
```

उचल महिन्याच्या शेवटी होत असेल तर सरासरी साडेपाच धरायची. रक्कम दर महिन्याला सारखी नसेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे प्रत्येक तारखेचे वेगळे गणित मांडावे लागते.

आता नफा-तोटा विनियोजन खाते. जमा बाजूला नफा आणि उचलीवरचे 5,100 मिळून 2,40,000. नावे बाजूला भांडवलावरील व्याज 48,000 आणि 32,000, धाकट्याचा पगार 60,000. उरले 1,00,000, ते 60,000 आणि 40,000 असे वाटले. भागीदाराने दुकानाला कर्ज दिले असेल तर त्या कर्जावरचे व्याज मात्र इथे येत नाही. तो खर्च आहे, नफा-तोटा खात्यातच जातो. ही चूक तपासणीत वारंवार सापडते.

स्थिर पद्धतीत हे सगळे चालू खात्यात उतरते. थोरल्याच्या जमेला 48,000 आणि 60,000, नावे 1,20,000 आणि 3,900. म्हणजे 15,900 नावे शिल्लक, ती ताळेबंदात संपत्तीच्या बाजूला दिसते. धाकट्याची 90,800 जमा शिल्लक राहते. भांडवल मात्र 6 लाख आणि 4 लाखच.

चल पद्धतीत भांडवल होते थोरल्याचे 5,84,100 आणि धाकट्याचे 4,90,800. पुढच्या वर्षी व्याज याच सुरुवातीच्या शिल्लकीवर लागणार: थोरल्याला 46,728 आणि धाकट्याला 39,264. स्थिर पद्धतीत आकडे होते 48,000 आणि 32,000. धाकट्याने पैसे दुकानातच राहू दिले, त्याचे फळ त्याला चल पद्धतीत मिळते, स्थिर पद्धतीत नाही, करारात चालू खात्याच्या शिल्लकीवरही व्याज लिहिलेले नसेल तर. म्हणून करार करतानाच हे विचारून घ्यावे.

नफा तुटपुंजा असेल तर? भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 13 प्रमाणे करारात नसेल तर भांडवलावर व्याजच नाही, आणि असले तरी ते फक्त नफ्यातूनच द्यायचे. समजा नफा 64,900 च झाला. उचलीवरचे व्याज धरून वाटायला 70,000, आणि देणे 1,40,000. सगळ्यांची मागणी निम्म्यावर येते: थोरल्याला 24,000, आणि धाकट्याला पगार-व्याज मिळून 46,000. नफा-वाटपाचे 3:2 इथे लावू नका, प्रत्येकाच्या मागणीच्या प्रमाणात, म्हणजे 48:92 ने, वाटायचे.

पण करारात पगार आणि व्याज नफा असो-नसो द्यायचेच, असे लिहिले असेल तर पूर्ण 1,40,000 द्यावे लागतात. 70,000 चा तोटा पडतो आणि तो 3:2 ने, म्हणजे 42,000 आणि 28,000. मग थोरल्याच्या हाती 48,000 वजा 42,000, फक्त 6,000, धाकट्याला 64,000. करारातल्या एका वाक्याने 18,000 रुपये या खिशातून त्या खिशात जातात, म्हणून खतावणी उघडण्याआधी करारनाम्याची प्रत मागून घ्या.