कापसाच्या फोटोवरची अक्षरं

आमच्या शंकरपटाचं पोस्टर मी फुटलेल्या कापसाच्या वावराच्या फोटोवर केलं होतं. पांढरी अक्षरं हिरव्या पानांवर छान उठून दिसत होती. मग तारीख बदलली, ओळ लांबली आणि तिचं टोक थेट बोंडांवर गेलं. पांढऱ्यात पांढरं! वेळेचा आकडाच दिसेना.

अक्षरं काळी केली तर ती पानांत बुडाली. अशा फोटोत उजेड-अंधार बोटभर अंतरावर बदलतो, त्यामुळे कोणताही एक रंग पूर्ण ओळीला पुरत नाही. अक्षरांना दिलेली सावली मोठ्या मथळ्याला बरी. बारीक अक्षरांना ती मळकट करते, आणि व्हॉट्सॲपवर फोटो आकसला की आणखीच.

म्हणून फोटो आणि अक्षरं यांच्या मधल्या थरात काळी पट्टी टाका आणि तिची अपारदर्शकता ६० टक्के ठेवा. ५० टक्क्यांवर बोंडांवरची पट्टी मधल्या राखाडी रंगाची होते आणि बारीक पांढरी अक्षरं फिकी पडतात. ६० वर ती नीट वाचता येतात, शिवाय मागचं वावरही दिसत राहतं. अक्षरांच्या चारही बाजूंनी त्यांच्या निम्म्या उंचीएवढी जागा सोडा. बैलजोडीच्या तोंडावर पट्टी येत असेल तर ओळच खाली घ्या.

मजकूर बदलला की वेगळी काढलेली पट्टी आपोआप लांबत नाही, तेव्हा तिची टोकं पुन्हा ओढा. शेवटी फोटो अंगठ्याएवढा करून, मोबाइल अंगणातल्या उन्हात धरून तारीख वाचून पाहा.