सपोर्ट टीमचा फ्लो डायग्राम: लीड टाइम मोजण्याआधी रेषा तपासा

क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम वाचायचा कसा, याच्या बहुतेक सूचना ‘पट्टा रुंद झाला की काम अडलं’ इथेच संपतात. तेवढ्यावरून तिकीट आल्यापासून बंद होईपर्यंतचा लीड टाइम कळत नाही आणि रोज किती तिकिटं बंद होतात तो थ्रूपुटही नाही. हे दोन आकडे काढायला आलेखातल्या दोनच रेषा लागतात. वरची रेषा सांगते आजवर एकूण किती तिकिटं आली, खालची सांगते एकूण किती बंद झाली. मधले रंगीत पट्टे तूर्त बाजूला ठेवा.

तुमचं टूल आयता आलेख देत असलं, तरी एकदा तो शीटमध्ये स्वतः काढाच. A मध्ये तिकीट आल्याची तारीख, B मध्ये बंद झाल्याची तारीख (अजून उघडं असेल तर रिकामं), D मध्ये महिन्याच्या तारखा ओळीने. मग E आणि F मध्ये:

```
=COUNTIF(A:A,"<"&D2+1)
=COUNTIF(B:B,"<"&D2+1)
```

खाली ओढा आणि लाइन चार्ट काढा. `D2+1` मुद्दाम लिहिलंय. तिकिटाच्या तारखेला वेळही चिकटलेली असते, त्यामुळे साधं `"<="&D2` लिहिलं तर त्या दिवशी सकाळी दहाला आलेलं तिकीट मोजणीतून सुटतं.

सुरुवातीची शिल्लक

माझी मोठी चूक इथेच झाली, आणि ती कळायला मला दोन महिने लागले. मी टूलमधून दोन याद्या काढायची: या महिन्यात आलेली तिकिटं आणि या महिन्यात बंद झालेली. दोन्ही रेषा शून्यापासून निघायच्या. आलेख देखणा दिसायचा, आकडा मात्र साफ खोटा.

उदाहरण घेऊ. महिना सुरू होताना ४० तिकिटं आधीचीच उघडी आहेत. रोज २० नवी येतात, रोज १८ बंद होतात, कामाचे दिवस २०. महिनाअखेर वरची रेषा ४० अधिक ४००, म्हणजे ४४० वर असायला हवी आणि खालची ३६० वर. उघडी तिकिटं ८०. माझ्या पद्धतीने वरची रेषा ४०० वरच थांबायची. उघडी तिकिटं ४० दिसायची आणि लीड टाइम बरोबर निम्मा. मी तो आकडा बैठकीत सांगितला, आणि तिकडे ग्राहक ‘उत्तर कधी मिळणार’ म्हणून विचारत होते.

म्हणून एकच यादी काढा: महिन्याच्या पहिल्या दिवशी उघडी असलेली सगळी तिकिटं, अधिक त्यानंतर आलेली सगळी. मग ताळा करा. शेवटच्या तारखेला E वजा F जेवढं येतं, तेवढीच तिकिटं टूलमध्ये आत्ता उघडी दिसली पाहिजेत. एकाचा जरी फरक असला तरी पुढे जाऊ नका.

आकडे वाचणं

थ्रूपुट म्हणजे खालच्या रेषेचा चढ: ३६० भागिले २० दिवस, रोज १८. किमान दोन-तीन आठवड्यांचा चढ घ्या, एका चांगल्या दिवसावर जाऊ नका.

लीड टाइम आडवा मोजायचा. खालची रेषा विसाव्या दिवशी ३६० वर आहे. तिथून सरळ डावीकडे या. वरच्या रेषेने ३६० हा आकडा सोळाव्या दिवशी गाठला होता. अंतर ४ दिवस. उभं अंतर म्हणजे उघडी तिकिटं, ८०. त्याला दिवस समजू नका.

आता ८० ला १८ ने भागा. ४.४ दिवस येतात, ४ नव्हे. ४ हा आकडा आज बंद झालेली तिकिटं जेवढे दिवस थांबली त्याचा आहे. ४.४ हा आज दाराशी आलेल्या तिकिटाचा: त्याच्यापुढे ८० जण रांगेत आहेत आणि रोज १८ निपटतात. रांग वाढत असताना दुसरा आकडा नेहमी मोठा असतो, आणि ग्राहकाला सांगायचा तोच. महिन्याची सरासरी उघडी तिकिटं, म्हणजे ६०, घेऊन भागाकार करू नका. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सरासरी कालावधी असाच काढतो, पण सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक साधारण सारखी असेल तरच तो महिन्याला नीट बसतो. इथे शिल्लक दुप्पट झाली आहे. भागाकार ३.३ येईल आणि महिनाअखेरची अडचण त्याखाली झाकली जाईल.

रांग मोडली की काय होतं

वरचं सगळं ‘आधी आलेलं आधी बंद’ असं धरून आहे. सपोर्टमध्ये तसं होत नाही. पासवर्डची तिकिटं तासाभरात निघतात, बिलातल्या फरकाचं तिकीट तीन आठवडे पडून राहतं. आलेखाला फक्त संख्या कळते, कोणतं तिकीट बंद झालं हे कळत नाही.

यातूनच एक उपयोगी तपासणी निघते. बंद झालेल्या तिकिटांचा प्रत्यक्ष सरासरी कालावधी शीटमधून काढा (B वजा A) आणि महिनाभराच्या आडव्या अंतरांच्या सरासरीशेजारी ठेवा. दोन्हीकडे दिवस एकाच पद्धतीने मोजा: सुट्ट्या धरायच्या तर दोन्हीकडे धरा. प्रत्यक्ष आकडा बराच कमी आला, तर टीम सोपी नवी तिकिटं उचलतेय आणि जुनी मागे टाकतेय. अशा वेळी उघड्या तिकिटांची यादी वयानुसार लावा, उत्तर वरच्या दहा ओळींत असतं. उलट ज्या महिन्यात जुनी तिकिटं निपटवता, त्या महिन्यात प्रत्यक्ष सरासरी उडी मारते. ते काम चांगलंच झालेलं असतं. त्यावरून टीमला बोल लावू नका.

रिओपन आणि ‘ग्राहकाची वाट’

खालची रेषा कधीही खाली उतरता कामा नये. टूलच्या आलेखात ती उतरलेली दिसली, तर रिओपन झालेली तिकिटं बंदच्या गणतीतून वजा होतायत. माझ्या मते रिओपन हे त्याच तिकिटाचं काम आहे, कारण ग्राहकाचा प्रश्न सुटलेलाच नव्हता. म्हणून B मध्ये शेवटची बंद तारीख ठेवा. रिओपन होताच तो रकाना रिकामा करा आणि आलेख पुन्हा काढा. मागचे आकडे थोडे हलतील.

‘ग्राहकाच्या उत्तराची वाट’ या स्थितीतली तिकिटं आलेखातून काढून टाकायचा सल्ला मिळतो. ऐकू नका. लीड टाइम कमी दिसतो, पण ग्राहकाचे दिवस तेवढेच जातात. तो वेगळा पट्टा म्हणून ठेवा, मात्र फक्त उभा वाचा: आज किती तिकिटं तिथे अडकली आहेत. त्याची आडवी रुंदी मोजू नका. तिकीट त्या स्थितीत तीन-तीनदा जाऊन परत येतं, त्यामुळे त्या रुंदीतून कोणताच कालावधी निघत नाही. तिथे किती दिवस गेले हे हवं असेल, तर प्रत्येक तिकिटाच्या इतिहासातून ते दिवस बेरीज करून काढा.