९७ × ८८ तोंडी: ३० सेकंदांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट

बोलण्याआधीच आकडा पडद्यावर आला, की बघणारा तो वाचत बसतो आणि रीत निसटते. म्हणून आधी वाक्य, मग आकडा.

१. ०–५ सेकंद: ९७ आणि खाली ८८.

२. ५–१३: "शंभराला किती कमी?" विचारून दोन सेकंद गप्प राहा. मग उजवीकडे ३ आणि १२ दाखवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

३. १३–२०: ९७ पासून १२ कडे तिरकी रेघ. "९७ वजा १२." खाली ८५. दुसरी रेघही ओढा: ८८ वजा ३, पुन्हा ८५च. आपोआप पडताळा होतो.

४. २०–२६: "बारा त्रिक छत्तीस." ८५ च्या शेजारी ३६.

५. २६–३०: ८५३६.

उजवीकडे नेहमी दोनच घरं असतात. ९८ × ९७ मध्ये ६ आले तर ०६ लिहायचे, उत्तर ९५०६. नाहीतर ९५६ होतं. ८८ × ८६ मध्ये १६८ येतात, तेव्हा १ हातचा ७४ मध्ये मिळवायचा: ७५६८. पहिल्या व्हिडिओत असं उदाहरण घेऊ नका.